अनुभव धागा: मसाले परदेशी पाठवताना नाव काय ठेवलंत?

जात्यावरची
काल माळा आवरताना जुन्या लेबलांचं बंडल सापडलं. लाल अक्षरांत 'ठकूआजी मसाले' आणि खाली इंग्रजीत Thakuaaji. ठकूआजी म्हणजे माझ्या सासूबाईंच्या सासूबाई. काळा मसाला त्यांच्याच प्रमाणाने करतो, त्यामुळे सांगलीजवळ छोटं युनिट टाकलं तेव्हा नावाचा विषय घरात निघालाच नाही. ठरलेलंच होतं.

पहिले नमुने जर्मनीला गेले. तिकडच्या माणसाने मेलमध्ये विचारलं, लेबलवर Thank you चुकीचं छापलंय, बदलून देणार का? आम्ही आठवडाभर हसत होतो. मग ऑर्डर आली, तीनशे किलो, निम्मे पैसे आगाऊ. त्याने फोनवर ऐकून Taku Aji अशा नावाने पैसे पाठवले. खातं Thakuaaji Masale Udyog या नावाचं. बँकेने रक्कम रोखून धरली, पाठवणाऱ्याच्या बँकेकडून दुरुस्ती मागवली. नऊ दिवस गेले. धने-खोबरं उधारीवर आणलेलं, भाजायला बायका येऊन बसलेल्या. तेव्हा हसू आलं नाही.

मग भाच्याने एक उद्योग केला. तो बाहेर शिकतो. तिथल्या दहा मित्रांना त्याने प्रत्येक नाव एकदाच ऐकवलं आणि ऐकलं तसं लिहायला सांगितलं. 'आजोळ' मला फार आवडलं होतं, पण दहा जणांनी ते सात प्रकारे लिहिलं. छापील Ajol दाखवलं तर जर्मन पोरगं 'आयोल' वाचायचं. 'उखळ' तर कुणालाच जमलं नाही. 'ओवी' आठ जणांनी Ovi लिहिलं, एकाने Ovie, एकाने Obi. जात्यावरची ओवी, आजीच्या तोंडी सतत असायची. सासूबाई लगेच हो म्हणाल्या. आता पुढे मोठं OVI आणि खाली बारीक मराठीत 'ठकूआजीच्या जात्यावरची'.

तुमची नावं कशी ठरली? लिहा ना.

खमंग
Dear Thank you 😂😂 ऑफिसात मोठ्याने हसले.

फिनलंडची थंडी
आम्ही इथल्या भारतीय दुकानाला 'काळा मसाला' मागवून दिला होता, पाकिटावर KALA. फिनिशमध्ये काला म्हणजे मासा. शाकाहारी बाया पाकीट उलटंपालटं करून मासा शोधायच्या, आणि एकाने माशाच्या रश्श्यात घालून छान झालं म्हणून सांगितलं. दुकानदाराने शेवटी हाताने चिठ्ठी लावली, 'मासा नाही'.
आणि जात्यावरची ताई, ovi म्हणजे इथे दार! वाईट अर्थ नाही, बिनधास्त राहा.

जात्यावरची
दार! सासूबाईंना सांगते, खूश होतील.

मुक्काम पोस्ट
एवढा घोळ कशाला? कंपनी रजिस्टर करून घ्या, नाव तुमचंच. दुसरा कुणी घेऊच शकत नाही. माझ्या मेव्हण्याने तसंच केलंय.

नागकेशर
मुक्काम पोस्ट, अर्धं बरोबर. त्या नावाची दुसरी कंपनी निघणार नाही, एवढंच. पाकिटावर तेच नाव छापून कुणी मसाला विकला तर कंपनीच्या नोंदणीचा फारसा आधार मिळत नाही. त्यासाठी ट्रेडमार्क. मसाले वर्ग 30 मध्ये येतात. छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला 4,500 रुपये. अर्जाआधी सरकारी साइटवर शोध घ्या, आणि नुसता Wordmark नको, Phonetic पण लावा. स्पेलिंग वेगळं असलं तरी कानाला सारखं वाटणारं नाव आडवं येतं. आणि ही नोंद भारतापुरती. जर्मनीसाठी वेगळा अर्ज, किंवा माद्रिद पद्धतीने इथूनच करता येतो, 2013 पासून भारत त्यात आहे.

ताईंच्या गोष्टीत मला वेगळंच महत्त्वाचं वाटतं. त्यांनी फर्मचं नाव बदललं की फक्त ब्रँडचं? फर्मचं बदललं तर आयात-निर्यात कोड, जीएसटी, बँक, फूड लायसन्स, स्पाइसेस बोर्डाची नोंदणी, सगळीकडे फिरावं लागतं. एक जागा राहिली की शिपमेंटच्या वेळी कागद जुळत नाहीत.

जात्यावरची
फर्म तीच, ठकूआजी. फक्त ब्रँड बदलला. आता प्रोफॉर्मा इनव्हॉइसवर खात्याचं नाव ठळक करून खाली लिहितो, 'हे कॉपी करा, टाइप करू नका'. त्यानंतर पैसे अडकले नाहीत.

नागकेशर
हे उत्तम केलंत. तुमचा जर्मन माणूस 'ओफी' म्हणत असेल, स्पॅनिश माणूस 'ओबी' म्हणेल. म्हणू दे. लिहिताना चुकला नाही म्हणजे झालं.

जात्यावरची
ओफीच म्हणतो! 🙈

कोकम सरबत
आमचं 'आगळ'. कोकमाचं आगळ, म्हणून ब्रँडही आगळ, कल्पक लोक आम्ही. Agal लिहिलं. दुबईच्या दुकानात मुलगा म्हणाला, ईगल ज्यूस? ळ असलेलं नाव घेऊ नका हो, परदेशात सोडा, विदर्भातल्या माझ्या जाऊबाई पण 'आगर' म्हणतात. बदलायचं मनात आहे पण मुंबईचं गिऱ्हाईक याच नावाने मागतं. अडकलोय.

हळदीकुंकू
मी 'सांगली हळद' हेच नाव रजिस्टर करणार आहे. सगळ्यांना माहीत आहे, परदेशात पण विचारतात. कुणी घेतलं नसेल तर?

नागकेशर
नाही मिळणार. 2018 ला सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालंय, ते नाव एकट्याच्या मालकीचं होत नाही. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून पाकिटावर लावता येईल, सोबत स्वतःचं वेगळं नाव हवं. 'शुद्ध', 'अस्सल', 'मसाला' असे नुसते वर्णनाचे शब्दही साधारण अडतात.

हळदीकुंकू
अरेरे. चारशे पाउच छापून झालेत. त्यावर तो गोलातला आर पण टाकलाय.

नागकेशर
तो आधी झाका. नोंदणी नसताना ® लावणं बेकायदेशीर आहे, दंड होऊ शकतो. TM चालतं.

खमंग
विषयाला सोडून विचारते, काळ्या मसाल्यात दगडफूल किती घालता? माझा कडू होतो.

जात्यावरची
दगडफूल जळतंय तुमचं. अगदी शेवटी, गॅस बंद करून गरम कढईत परता. प्रमाण सांगणार नाही, ठकूआजी स्वप्नात येतील 😄

निवांत
माझ्या मुलीचं नाव ओवी आहे. चार वर्षांची. शाळेत सगळ्यांना जमतं, सुंदर नाव. अभिनंदन ताई, बाळाचं बारसं कधी?

खमंग
निवांत, वर वाचा हो, मसाल्याचं बारसं आहे 😆

निवांत
🙏 भाजी फोडणीला टाकून वाचत होतो.

कोकम सरबत
जात्यावरची, एक विचारू? ओवी ऐकून कुणी ओवा मागत नाही का?

जात्यावरची
मागतात ना! लंडनच्या गुजराती दुकानदाराने तीन वेळा ओव्याचा भाव विचारला. शेवटी ओवा पण ठेवायला लागलो, पन्नास किलो गेला.

नागकेशर
ताई, ट्रेडमार्क मिळाला का?

जात्यावरची
नाही अजून. तपासणी अहवालात उच्चाराने जवळचं एक नाव दाखवलंय, त्याच वर्गातलं. आम्ही उत्तर दिलंय. साइटवर अजून Objected दिसतंय. भाचा म्हणतो OVI ऐवजी 'ओवी ठकू' असा नवा अर्ज टाकू. म्हणजे ठकूआजी परत इंग्रजीत आल्या.

खमंग
Dear Ovi Thank you.

हळदीकुंकू
नागकेशर, व्यनि केलाय, पाउचबद्दल. बघाल का प्लीज?