रजेच्या नियमात ‘दिवस’ म्हणजे नेमका कुठला दिवस?

मसुदेकरीण: आमच्या रजा धोरणातला प्रसूती, पितृत्व आणि आजारपणाचा भाग मी नव्याने लिहितेय. रजा किती द्यायची ते ठरलंय: प्रसूतीची 14 आठवडे, पितृत्वाची 10 दिवस, आजारपणाची वर्षाला 12 दिवस. वरिष्ठांचं म्हणणं, सगळं एका पानात बसव आणि शेवटी ‘अपवादात्मक बाबतीत व्यवस्थापनाचा निर्णय अंतिम’ असं लिही. मला वाटतं, तारखा घालून उदाहरणं द्यावीत. तुम्ही काय कराल?

हजेरीपट: उदाहरणं द्या, आणि ती तारखांसकट द्या. बारा वर्षं रजांचे हिशेब ठेवतोय. भांडण ‘किती’वरून क्वचितच होतं, ते होतं मोजायचं कसं यावरून.

प्रसूती रजेचंच घ्या. अपेक्षित तारीख 20 जून. बाईने सहा आठवडे आधी, म्हणजे 9 मेपासून रजा घ्यायचं ठरवलं. 14 आठवडे म्हणजे सुट्ट्या धरून 98 दिवस, शेवटचा दिवस 14 ऑगस्ट. इथपर्यंत कुणाचं दुमत नाही.

आता बाळ 25 एप्रिललाच आलं, ती अजून कामावर असताना. मंजूर अर्जावर तर 9 मे आहे. मधले चौदा दिवस कुठल्या रजेत टाकायचे? नियम गप्प असेल तर कारकून ते अर्जित रजेतून कापतो, आणि तेही वाईट हेतूने नाही, त्याच्यापुढे दुसरा रकानाच नसतो. म्हणून लिहा: ‘ठरलेल्या तारखेआधी प्रसूती झाली तर रजा प्रसूतीच्या दिवसापासून सुरू होईल.’ मग तिची रजा 25 एप्रिल ते 31 जुलै, पूर्ण 98 दिवस.

उलट बाजूही आहे. बाळ चौदा दिवस उशिरा, 4 जुलैला आलं. शेवटची तारीख 14 ऑगस्टच धरली तर बाळंतपणानंतर आठऐवजी सहाच आठवडे हातात उरतात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 2000 सालचा 183 क्रमांकाचा करार सांगतो की उशीर झाला तर प्रसूतीपूर्व रजा तेवढ्या दिवसांनी वाढवायची, नंतरच्या सक्तीच्या रजेतून ते कापायचे नाहीत. ही वाढ तुम्ही स्वीकारलीत तर तिचा शेवटचा दिवस 28 ऑगस्ट. स्वीकारणार नसाल तर तेही स्पष्ट लिहा. फक्त तुमच्या इथल्या कायद्यापेक्षा कमी काही लिहू नका.

एकपानी: माझा विरोध आहे. मी असे तपशीलवार नियम लिहून पस्तावलोय. उदाहरण दिलं की माणसं नियम सोडून उदाहरणच वाचतात. ‘माझं प्रकरण यात बसत नाही, म्हणजे मला रजा नाही’ असं समजून एका मुलीने अर्जच केला नव्हता. उदाहरणात नैसर्गिक प्रसूती होती आणि तिचं सिझेरियन झालं होतं. वरिष्ठांचं एक पान बरोबर आहे. नियम लहान ठेवा आणि विचारायला एक माणूस ठेवा.

हजेरीपट: त्या मुलीचं झालं ते खरंच वाईट. पण त्यावर उपाय उदाहरण काढणं नाही. उदाहरणाच्या वर एक ओळ हवी होती: ‘हे फक्त मोजणी समजण्यासाठी आहे, रजा कुणाला मिळते ते वरच्या कलमात आहे.’ आणि विचारायचा माणूस बदलला की उत्तरही बदलतं. दोन बायकांना दोन वेगळी उत्तरं मिळाली तर धोरण कागदावर असून नसल्यासारखंच.

नवी_आई: 14 आठवडे फारच कमी आहेत! माझं बाळ तोवर नीट झोपतही नव्हतं. निदान 26 तरी द्या.

मसुदेकरीण: तुमचं पटतंय, पण आकडा माझ्या हातात नाही. मला शब्द ठरवायचेत.

हजेरीपट: तरी त्यांचा मुद्दा वरिष्ठांच्या कानावर घाला. 14 आठवडे ही त्या करारातली किमान मर्यादा आहे. सोबतची शिफारस निदान 18 आठवड्यांकडे जायला सांगते.

रात्रपाळी: माझ्यावर बेतलेलं सांगतो. आमच्याकडे पितृत्व रजेचा नियम असा: ‘अपेक्षित प्रसूतीच्या तारखेपासून 30 दिवसांच्या आत 10 दिवस.’ मुलगी पाच आठवडे आधी आली आणि काचेच्या पेटीत होती. रजा मागितली तर उत्तर आलं, तुमची मुदत अजून सुरूच झाली नाही. मी सगळी अर्जित रजा तिथे घालवली. चूक माणसाची नव्हती, वाक्यात खरंच ‘अपेक्षित’ लिहिलं होतं.

दुसरं म्हणजे मी आठवड्यात तीन रात्री बारा-बारा तास काम करतो. माझे 10 दिवस म्हणजे माझ्या दहा पाळ्या, की कॅलेंडरवरचे दहा दिवस?

हजेरीपट: म्हणूनच पितृत्व रजा दिवसांत लिहूच नये. दहा कॅलेंडर दिवस म्हणजे दीड आठवड्याहूनही कमी. दहा पाळ्या म्हणजे तुम्हाला तीन आठवड्यांहून जास्त, आणि पाच दिवस काम करणाऱ्याला बरोबर दोन आठवडे. मसुदेकरीणबाई, ‘2 आठवडे’ लिहा आणि पुढे जोडा: ‘तुम्ही एरवी आठवड्यात जितक्या पाळ्या करता तितक्या म्हणजे तुमचा एक आठवडा.’ मुदत प्रत्यक्ष जन्मापासून मोजा, आणि त्या मुदतीत रजा सुरू व्हायला हवी की संपायला, हेही सांगा.

एकपानी: हे मान्य. इथे एका शब्दाने काम झालं, उदाहरण लागलं नाही. माझं म्हणणं तेच आहे.

शिस्तप्रिय: आजारपणाचं कोणी बोललं नाही. गरोदरपणात चक्कर, उलट्या, रक्तदाब, हे सगळं प्रसूती रजेतच धरावं. कारण गरोदरपणच आहे ना?

हजेरीपट: कारण गरोदरपण आहे हे खरं, पण म्हणून प्रसूती रजा कापणं चूक. गरोदरपणाच्या किंवा बाळंतपणाच्या आजारासाठी त्याच करारात प्रसूती रजेच्या आधी किंवा नंतर वेगळी रजा आहे, डॉक्टरांच्या दाखल्यावर. ती आजारपणाच्या 12 दिवसांतून जाणार की स्वतंत्र, एवढं मात्र धोरणात लिहावंच लागेल. नाहीतर पाचव्या महिन्यातच बारा दिवस संपतात.

मसुदेकरीण: आजारपणाचं मी असं लिहिलंय: ‘दोन दिवसांपेक्षा जास्त आजारी असाल तर डॉक्टरांचा दाखला द्या.’ आमची साप्ताहिक सुट्टी शनिवार-रविवार.

रात्रपाळी: शुक्रवारी आणि सोमवारी आजारी असलो तर?

हजेरीपट: कामाचे दिवस धरले तर दोन, दाखला नको. कॅलेंडर धरलं तर चार, दाखला हवा. दोन मोजण्या वेगळ्या लिहा. शिल्लक रजेतून फक्त कामाचे दिवस कापायचे, म्हणजे दोन. दाखल्यासाठी मी सलग कॅलेंडर दिवस धरेन, कारण चार दिवस अंगात ताप असेल तर डॉक्टरांकडे जायलाच हवं.

एकपानी: आणि शनिवारी बरा होऊन सोमवारी पुन्हा आजारी पडला तर? सोमवारी त्याने शुक्रवारचा दाखला कुठून आणायचा? डॉक्टर न तपासलेल्या दिवसाचा दाखला देणार नाहीत, द्यायलाही नको. दाखल्यालाही कामाचेच दिवस धरा.

हजेरीपट: न तपासलेल्या दिवसाचं तुमचं बरोबर आहे. पण कामाचे दिवस धरले तर प्रत्येक शुक्रवार-सोमवार जोडी दाखल्याविना सुटते. मला अजून पटत नाही.

मसुदेकरीण: प्रसूतीची तिन्ही उदाहरणं तारखांसकट घेतेय, वेळेवर, आधी आणि उशिरा. पितृत्वाला ‘2 आठवडे, प्रत्यक्ष जन्मापासून’ आणि रात्रपाळींच्या पाळ्यांचं वाक्य. दाखल्याच्या ओळीचे दोन्ही मसुदे वरिष्ठांपुढे ठेवते, शुक्रवार-सोमवार दोन्हींत मोजून.