स्पाइक घ्यायचा कधी, टाळायचा कधी?

मेघना: आमच्याकडे दर स्प्रिंटला तीन-चार स्पाइक असतात, म्हणजे स्टोरी हातात घेण्याआधी एखाद्या प्रश्नाचं उत्तर शोधायला ठरावीक वेळ राखलेली कामं. स्टोरी जरा अवघड दिसली की कोणीतरी म्हणतंच, "आधी स्पाइक टाकू." मला ही पळवाट वाटते. तुम्ही कधी घेता? पॉइंट देता का?

रवी: पळवाटच. माहीत नसलेलं शोधणं हा कामाचाच भाग. स्टोरीला आठ पॉइंट द्या आणि हात घाला.

अनघा: रवी, आम्ही तेच केलं आणि तोंडावर आपटलो. बिलाची पीडीएफ मराठीत हवी होती. नुसता फॉन्ट बदलायचा म्हणून तीन पॉइंट दिले. स्प्रिंट संपायला दोन दिवस असताना टेस्टरने दाखवलं की 'किंमत'मधली वेलांटी क च्या उजवीकडे उमटतेय आणि 'विद्यार्थी'मधलं जोडाक्षर सुटं पडलंय. फॉन्ट ठीक होता. लायब्ररी अक्षरं जोडतच नव्हती, एकापुढे एक नुसती मांडत होती.

पुढच्या स्प्रिंटला दोन दिवसांचा स्पाइक घेतला. कार्डावर प्रश्न होता: ह्याच लायब्ररीत जोडाक्षरं जमतील का? नाहीतर हेडलेस क्रोममधून बिल तीन सेकंदांत निघेल का? पहिल्याचं उत्तर दुपारपर्यंत 'नाही' आलं. क्रोममधून अक्षरं झकास आली, वेळही बसला, पण वीस बिलं एकदम मागितली की सर्व्हरची मेमरी संपायची. म्हणून बिलं रांगेत लावायचं ठरलं आणि एका स्टोरीच्या दोन झाल्या, पाच आणि तीन पॉइंटांच्या. स्पाइकचा कोड फेकला. उत्तर काहीही आलं तरी आपण तेच करणार असू, तर मी स्पाइक घेत नाही.

सचिन: आम्ही सेलच्या आधी जेमीटरने स्पाइक केला होता, पाच मिनिटांत साइट झोपली.

मेघना: सचिन, ते लोड टेस्टिंगमधलं. इथलं वेगळं.

प्रसाद: पॉइंट द्यायलाच हवेत, स्क्रमचा नियम आहे. नाहीतर व्हेलॉसिटी पडते.

अनघा: स्क्रम गाइडमध्ये स्पाइक हा शब्दच नाही, तो एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगमधला. आणि पॉइंट दिले की रिलीजचा हिशोब फसतो. व्हेलॉसिटी 30 दिसते, त्यातले 8 स्पाइकचे. बॅकलॉगमध्ये फीचरचं 120 पॉइंटांचं काम असेल तर चार स्प्रिंट वाटतात, लागतात साडेपाच. ते दोन दिवस मी टीमच्या उपलब्ध वेळातून आधीच वजा करते.

प्रसाद: नियमाचं मान्य, चुकलो. पण आकडा घसरला की वर उत्तरं मला द्यावी लागतात, तुम्हाला नाही.

रवी: कोड फेकला म्हणे! आमच्याकडे स्पाइकचा कोड दीड वर्ष प्रॉडक्शनला चालतोय, पासवर्ड आतच लिहिलेला. "चाललंय ना?" म्हणून कोणी हात लावत नाही.

मेघना: आत्ता बोर्ड उघडून बघितला. चारपैकी तीन कार्डांवर प्रश्नच नाही, नुसतं 'पेमेंट गेटवेचा अभ्यास' वगैरे. चौथ्यावर आहे, पण ते तिसऱ्या स्प्रिंटमध्ये ढकललंय.