रिमोटवरचं माईकचं बटण गप्प झालंय, तुमचे अनुभव सांगा

सांजवात: आमच्या अँड्रॉइड टीव्हीच्या रिमोटवर माईकचं जे बटण असतं ना, दाबून बोलायचं आणि टीव्ही शोधून देतो, ते बंद पडलंय. बाकी सगळं चालतं, चालू-बंद, आवाज, बाण, ओके, सगळं. म्हणून रिमोट बिघडलाय असं म्हणवत नाही. आईला स्क्रीनवरच्या कीबोर्डवर बाणांनी एकेक अक्षर शोधत बसणं जमत नाही, तिची नजर अधू आहे, ती बोलूनच भजनं-कीर्तनं लावायची, त्यामुळे आता तिला प्रत्येक वेळी कुणाला तरी हाक मारावी लागते आणि ते तिला आवडत नाही. ज्यांच्याकडे असं झालं त्यांनी प्लीज सविस्तर लिहा, विशेषतः बटण दाबल्यावर स्क्रीनवर काय दिसत होतं आणि शेवटी काय निघालं.

खमक्या: सेल बदल. दुसरं काही नसतं. आमच्याकडे हेच झालेलं, नवीन सेल टाकले की लगेच सुरू.

आडवाट: आमच्याकडे पण आवाजाच्या बटणाचा असाच घोळ होता, टीव्हीचा आवाज वाढायचाच नाही, शेवटी कळलं की आवाज साउंडबारकडे वळवलेला होता, साउंड आउटपुटमध्ये जाऊन टीव्ही स्पीकर केलं की झालं. तेवढं बघून घ्या.

सांजवात: आडवाट, आवाज कमी-जास्त होतोय हो, बोलून शोधायचं बटण चालत नाहीये. खमक्या, सेल बदलून बघितले, फरक नाही.

रानवारा: सेलचा सल्ला चूक नाही पण अर्धाच आहे. आवाज पाठवायला रिमोटला जास्त करंट लागतो, म्हणून सेल उतरत आले की माईक आधी जातो आणि बाण चालत राहतात, हे मी पण पाहिलंय. पण नवीन सेल टाकूनही तेच असेल तर बहुतेक वेळा जोडणी तुटलेली असते. अशा बऱ्याच रिमोटमध्ये दोन वाटा असतात, एक जुनी इन्फ्रारेड, जी टीव्हीच्या समोर धरावी लागते, आणि दुसरी ब्लूटूथ. बोललेलं फक्त ब्लूटूथने जातं. ब्लूटूथ तुटलं की रिमोट मुकाट्याने इन्फ्रारेडवर येतो, बटणं चालतच राहतात त्यामुळे कुणाला संशय येत नाही, जातो तो फक्त माईक.

ओळखायचं कसं, तर रिमोटचं पुढचं टोक तळहाताने घट्ट झाका किंवा टीव्हीकडे पाठ करून रिमोट छातीशी धरा आणि बाण दाबा. टीव्ही हलला तर ब्लूटूथ चालू आहे, ढिम्म राहिला तर तुटलंय. पॉवर आणि आवाजाच्या बटणांवरून ठरवू नका, ती बऱ्याच रिमोटवर कायमच इन्फ्रारेडने जातात.

तुटलं असेल तर `Settings` मध्ये `Remotes & Accessories` असतं, त्यात रिमोटचं नाव अजून दिसत असेल तर आधी `Forget` करा, मग `Add accessory` उघडा आणि रिमोटवर होम आणि बॅक दोन्ही एकदम दाबून धरा, रिमोटवरचा दिवा लुकलुकायला लागेपर्यंत सोडू नका. काही मॉडेलला वेगळी बटणं असतात, ती टीव्ही स्वतःच चित्र काढून दाखवतो. पण एक, ज्या रिमोटचे बाण फक्त ब्लूटूथवर चालतात त्यांचं नाव पुसलं की पुढे सरकायला हातात काहीच राहत नाही, म्हणून आधी टीव्हीला यूएसबी माऊस लावून ठेवा, तो चालतो.

शुभ्रा: माझं वेगळं होतं. बटण दाबल्यावर खाली बोलायची पट्टी यायची, म्हणजे दाबणं पोचत होतं, पण कितीही बोला रेघा हलायच्याच नाहीत आणि थोड्या वेळाने पट्टी आपोआप जायची. रिमोट परत जोडला, काही नाही. शेवटी निघालं परवानगीचं. `Settings`, मग `Apps`, त्यात `Google` नावाचं ॲप, आणि आत `Permissions` मध्ये `Microphone` नाकारलेलं होतं. घरात कुणीतरी टीव्हीने विचारल्यावर नको म्हटलं असणार. आणि हल्लीच्या अँड्रॉइडमध्ये एकाच ॲपला दोनदा नको म्हटलं की ते परत विचारतच नाही, त्यामुळे स्क्रीनवर कसली सूचनाच येत नाही, माणूस रिमोटवरच राग काढत बसतो.

पारावरचा: शुभ्रा बरोबर. त्यात एक भर, अँड्रॉइड १२ आणि पुढच्या टीव्हीत `Privacy` मध्ये माईकचा एक मुख्य स्विच पण असतो, तो बंद असेल तर ॲपला परवानगी देऊन उपयोग नाही. आणि यूट्यूबची परवानगी वेगळी असते. आमच्याकडे होमवर बोललेलं कळायचं पण यूट्यूबच्या आतल्या शोधात माईक गप्प, तिथे यूट्यूबच्या `Permissions` मध्ये जाऊन द्यावी लागली.

चिंचोका: आमचा जुना रिमोट तुटला म्हणून नवीन आणला, दिसायला सेम टू सेम, माईकचं बटण पण आहे, पण जोडायला गेलं की यादीत येतच नाही. याला काय करायचं?

रानवारा: चिंचोका, बटण छापलेलं आहे म्हणून आत माईक असेलच असं नाही, असे नुसते इन्फ्रारेडवाले रिमोट खूप मिळतात. वरच्या बाजूला टाचणीच्या टोकाएवढं भोक आहे का बघा, माईक तिथे असतो. भोक नसेल आणि होम-बॅक धरून दिवाही लुकलुकत नसेल तर तो जोडला जाणार नाही, बदलून घ्या.

सांजवात: रानवारा, टोक झाकून बघितलं, टीव्ही ढिम्म. यादीत रिमोटचं नावच नव्हतं. होम आणि बॅक धरले, दिवा लुकलुकला, यादीत नाव आलं, जोडला. मग बटण दाबलं तर आधी काहीच यायचं नाही ते आता पट्टी आली, पण ऐकेना, अगदी शुभ्रानं लिहिलंय तसं. `Google` ची परवानगी बघितली तर नाकारलेली! ती दिली आणि आईनं पहिल्याच दमात अभंग लावला. म्हणजे आमच्याकडे दोन्ही होतं, एक काढल्याशिवाय दुसरं दिसलंच नसतं.

खमक्या: हे टोक झाकायचं मला माहीत नव्हतं, चांगलं आहे.

मृगजळ: माझं अजून सुटलेलं नाही म्हणून लिहितेय. जोडल्यावर मस्त चालतं, पण सकाळी टीव्ही लावला की माईक परत गेलेला, यादीत नाव असतं पण खाली जोडलेलं नाही असं दिसतं. परवानग्या सगळ्या दिलेल्या आहेत. फोनवरच्या गुगल टीव्ही ॲपमधल्या रिमोटवरून बोललं तर टीव्ही बरोबर शोधतो.

रानवारा: फोनवरून चालतंय म्हणजे टीव्हीचं ऐकणं, इंटरनेट, अकाउंट सगळं ठीक, भानगड रिमोट आणि टीव्हीच्या मधेच आहे. टीव्हीला मागे यूएसबी हार्डडिस्क लावलीय का? ३.० वाल्या डिस्क आणि त्यांच्या वायरी ब्लूटूथच्याच पट्ट्यात गोंगाट करतात, काढून एक रात्र बघा.

मृगजळ: हार्डडिस्क आहे, पण ती यायच्या आधीपासूनच होतंय असं वाटतं, खात्री नाही. आज काढून ठेवते.

पारावरचा: माझ्याकडेही असंच व्हायचं, सिस्टम अपडेट आल्यावर थांबलं. पण त्याच सुमारास सेलही बदलले होते, त्यामुळे नक्की कशाने थांबलं ते सांगता येणार नाही. मृगजळ, डिस्क काढून सकाळी काय दिसतं ते लिहा.