शब्दचर्चा : ‘होते’ म्हणजे एस्ताबा की एस्तुबे?

रेवती
स्पॅनिशच्या देले ए२ परीक्षेची तयारी करतेय. लेखी भागातल्या दुसऱ्या प्रश्नात ७० ते ८० शब्दांत काहीतरी लिहायचं असतं आणि त्यात भूतकाळ टाळता येत नाही. सरावासाठी सालामांकातल्या मुक्कामावर लिहिलं. सुरुवात अशी होती (देवनागरीतच देते, म्हणजे सगळ्यांना वाचता येईल):

एल आन्यो पासादो एस्ताबा त्रेस मेसेस एन सालामांका. बिबीया कोन दोस चिकास. एल पीसो एरा पेकेन्यो, पेरो तेनीया मुचा लूस. उन दीया कोनोसीया आ ला बेसीना दे आरीबा.

म्हणजे: गेल्या वर्षी मी तीन महिने सालामांकात होते. दोन मुलींबरोबर राहायचे. फ्लॅट लहान होता, पण उजेड भरपूर होता. एक दिवस वरच्या शेजारणीची ओळख झाली.

बाईंनी दोन शब्दांखाली रेघ मारली, एस्ताबा आणि कोनोसीया. तिथे एस्तुबे आणि कोनोसी हवं म्हणाल्या. कोनोसी पटलं. पण पहिलं काही केल्या पटत नाही. ‘मी सालामांकात होते’ आणि ‘फ्लॅट लहान होता’ या दोन्हींत मराठीत एकच क्रियापद आहे. मग एरा बरोबर आणि एस्ताबा चूक, असं कसं?

श्रीधर
हा सेर आणि एस्तार यांचा प्रश्न आहे. दोन्हींना आपण ‘असणे’च म्हणतो, म्हणून गोंधळ होतो. जागा सांगायची असेल तर एस्तार, गुण सांगायचा असेल तर सेर. तुम्ही नेमकं तेच केलंय. बाईंची नजरचूक झाली असावी.

रेवती
श्रीधरजी, क्रियापद बरोबर आहे असं बाईही म्हणाल्या. एस्तारच हवं, पण त्याचं दुसरं रूप. अडचण इम्पेर्फेक्तो, म्हणजे चालू किंवा सवयीचा भूतकाळ, की इन्देफिनीदो, म्हणजे पूर्ण झालेला भूतकाळ, ही आहे.

निखिल
सोपं आहे. वाक्यातला काळ दाखवणारा शब्द बघायचा. आयेर म्हणजे काल, एल आन्यो पासादो, उन दीया दिसलं की इन्देफिनीदो. सिएम्प्रे, तोदोस लोस दीआस, दे पेकेन्यो, म्हणजे नेहमी, रोज, लहानपणी, असं दिसलं की इम्पेर्फेक्तो. तुझ्या वाक्यात एल आन्यो पासादो आहे, म्हणून एस्तुबे. मी एवढ्यावर ए२ पास झालोय.

अरुंधती
निखिल, तुझ्या यादीने बरीच वाक्यं सुटतात हे खरं, पण इथे उत्तर बरोबर आलं तरी कारण वेगळं आहे. हे वाक्य बघ: एल आन्यो पासादो बिबीया एन सालामांका इ त्राबाखाबा एन उन बार. ‘गेल्या वर्षी सालामांकात राहत होते आणि एका बारमध्ये काम करत होते.’ एल आन्यो पासादो आहे, तरी दोन्ही रूपं इम्पेर्फेक्तोची आहेत आणि वाक्य निर्दोष आहे. आता उलट: दुरान्ते त्रेस मेसेस फुई आ क्लासे तोदोस लोस दीआस. ‘तीन महिने रोज वर्गाला गेले.’ तोदोस लोस दीआस आहे, तरी फुई.

रेवती, तुझ्या वाक्यात निर्णय त्रेस मेसेस या दोन शब्दांनी केलाय. तीन महिने म्हटलंस की मुक्कामाला सुरुवात आणि शेवट मिळाला, गोष्ट बंद झाली. बंद झालेल्या कालावधीची बेरीज सांगताना स्पॅनिश माणूस इन्देफिनीदो वापरतो, मग तो कालावधी तीन मिनिटांचा असो की तीस वर्षांचा. ते दोन शब्द काढ आणि ‘तेव्हा मी सालामांकात होते, एक दिवस फोन आला’ असं म्हण. लगेच एस्ताबा बरोबर होईल, कारण आता सालामांका फक्त मागचा पडदा आहे.

चूक मात्र तुझ्या स्पॅनिशमध्ये कमी आणि आपल्या ‘असणे’त जास्त आहे. ‘राहणे’ला आपल्याकडे राहिले आणि राहत होते अशा दोन वेगळ्या वाटा आहेत. ‘जाणे’ला गेले आहे, जात होते आहे, वर जायचे आणि जात असे. ‘असणे’ला मात्र सवयीचं ‘असायचे’ सोडलं तर भूतकाळात एकटा ‘होता’. एरा, फुए, एस्ताबा, एस्तुबो, आबीया, उबो या सहाही रूपांना मराठी मन तेच एक भांडं पुढे करतं. म्हणून आपले विद्यार्थी गेलो-जायचो सहज ओळखतात आणि होतो-होतीपाशी अडखळतात.

प्राजक्ता
अगदी! तोंडी परीक्षेत माझं हेच झालं. आधी तयारीला १२ मिनिटं मिळतात, तेव्हा कागदावर मुद्दे लिहिले होते. इबा, कोमीया, खुगाबा सगळं बरोबर आलं, कारण मनात जायचे, खायचे, खेळायचे असंच चाललं होतं. मग ‘दोन वर्षं आजारी होते’ म्हणायची वेळ आली आणि तोंडातून एस्ताबा एन्फेर्मा दोस आन्योस गेलं. परीक्षकांनी काही दाखवलं नाही, पण बाहेर आल्यावर कळलं. पास झाले, तोंडी आणि श्रवण मिळून ५० पैकी ३० लागतात, तेवढे मिळाले. पण ते वाक्य आजही आठवतं.

रेवती
अरुंधतीताई, हे नीट समजलं. पण परीक्षेत ‘सुरुवात आणि शेवट आहे का’ असा विचार करत बसले तर वेळ पुरणार नाही. आपल्या भाषेतून पटकन कळेल अशी काही खूण आहे का?

अरुंधती
आहे, मी वर्गात वापरते. ‘होता’च्या जागी दुसरं मराठी क्रियापद बसवून बघायचं. मुक्कामाबद्दल असेल तर ‘राहिले’ किंवा ‘काढले’. तीन महिने सालामांकात काढले, बसलं, म्हणून एस्तुबे. घटनेबद्दल असेल तर ‘झाला’. ‘काल मेजवानी होती’ म्हणजे मेजवानी झाली, म्हणून उबो उना फिएस्ता. ‘खोलीत दोन खिडक्या होत्या’ याला ‘झाल्या’ लावून बघ, वाक्य मोडतं, म्हणून आबीया दोस बेन्तानास. फ्लॅट लहान ‘झाला’ असं म्हणताच येत नाही (तो आकसला नाही!), म्हणून एरा पेकेन्यो.

मर्यादाही सांगते. ‘तो शिक्षक होता’ला ‘झाला’ लावलंस तर वाक्य मोडत नाही, पण अर्थ बदलतो, तो शिक्षक ‘बनला’ असा होतो. तिथे ही खूण उपयोगाची नाही. तिथे मुदत शोधायची. ‘वीस वर्षं शिक्षक होता’ असेल तर फुए प्रोफेसोर दुरान्ते बेइन्ते आन्योस. मुदत नसेल आणि त्या काळातला त्याचा व्यवसाय एवढंच सांगायचं असेल तर एरा प्रोफेसोर.

निखिल
म्हणजे दुरान्ते किंवा आकडा दिसला की इन्देफिनीदो, अशी एक ओळ माझ्या यादीत वाढवतो.

अरुंधती
आकड्याने फसशील. तेनीया दिएस आन्योस, ‘मी दहा वर्षांची होते’. आकडा आहे, पण मुदत नाही, वय आहे. वय आणि घड्याळातली वेळ पार्श्वभूमी म्हणून येतात तेव्हा इम्पेर्फेक्तोच. एरान लास ओचो, आठ वाजले होते. दहा वर्षं ‘किती काळ’चं उत्तर देतात की ‘केवढी’चं, ते विचार.

श्रीधर
माझा आधीचा शेरा मागे घेतो, प्रश्न मी वेगळाच समजलो होतो. पण मग एक विचारतो. रेवतींना कोनोसी लगेच पटलं, ते का? तिथेही क्रियापद एकच आहे की.

अरुंधती
छान विचारलंत. तिथे मराठी आपल्या बाजूने उभी आहे. स्पॅनिशमध्ये कोनोसेर एकच, पण आपण दोन वेगळ्या गोष्टी म्हणतो: ‘मी तिला ओळखत होते’ म्हणजे ला कोनोसीया, ‘तिची ओळख झाली’ म्हणजे ला कोनोसी. साबेरचंही तेच. ‘माहीत होतं’ ते साबीया, ‘कळलं’ ते सुपे. पोदेरही तसंच: ‘जाता येत नव्हतं’ ते नो पोदीया इर, ‘जाता आलं नाही’ ते नो पुदे इर. पहिल्यात अजून दार उघडं आहे, शेवटी गेली की नाही ते कळत नाही. दुसऱ्यात निकाल लागला, गेलीच नाही.

हे फरक विद्यार्थ्यांना फार अवघड जातात असं म्हणतात, पण मराठी माणसाला जायला नकोत. आधी मराठी वाक्य मनात पूर्ण म्हणायचं. ‘मला माहीत’ एवढ्यावर थांबून स्पॅनिश शब्द शोधायला गेलं की साबीयाच तोंडावर येतं.

प्राजक्ता
आणि ‘आज सकाळी लवकर उठले’चं काय? मी मे लेबान्ते म्हणाले असते, पण माझ्या माद्रिदच्या मैत्रिणीने मे ए लेबान्तादो केलं.

अरुंधती
माद्रिदमध्ये आज, या आठवड्यात, या वर्षी अशा न संपलेल्या काळासाठी ए लेबान्तादो सारखं रूप वापरतात. लॅटिन अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी, आणि स्पेनमध्येही गालीसिया, आस्तुरियास किंवा कानारी बेटांवर, मे लेबान्ते म्हणतील. देलेत दोन्ही चालतात, फक्त एकाच उत्तरात अर्धं इकडचं अर्धं तिकडचं करू नका. मराठीचा आधार इथे घेऊ नका. आपण ‘उठले’ आणि ‘उठले आहे’ यांतला फरक वेगळ्याच कारणाने करतो.

निखिल
मग ‘काल हवा छान होती’? आयेर आसीया बुएन तिएम्पो की आयेर ईसो बुएन तिएम्पो? आयेर आहे म्हणून मी ईसो लिहिलं असतं. आणि ‘हवा छान झाली’ असं कोणी म्हणत नाही, म्हणजे ताईंच्या खुणेने आसीया.

अरुंधती
दोन्ही म्हणतात. कालच्या दिवसाचा हिशेब देत असाल, काल ऊन, परवा पाऊस, तर ईसो. ‘हवा छान होती, म्हणून फिरायला गेलो’ अशी गोष्ट सुरू करत असाल तर आसीया. इथे माझी खूण लंगडी पडते, हे कबूल.

निखिल
मला अजून वाटतं, एकट्या वाक्यात, मागेपुढे काही नसताना, ईसो जास्त स्वाभाविक आहे.

अरुंधती
असेलही. पण परीक्षेत वाक्य एकटं येत नाही, आणि गोष्टीच्या सुरुवातीला मी आसीयाच लिहीन.

रेवती
परिच्छेद पुन्हा लिहिला:

एल आन्यो पासादो एस्तुबे त्रेस मेसेस एन सालामांका. बिबीया कोन दोस चिकास. एल पीसो एरा पेकेन्यो, पेरो तेनीया मुचा लूस. उन दीया कोनोसी आ ला बेसीना दे आरीबा. नो साबीया कोसिनार इ एया मे आयुदो. एरा मुय आमाब्ले.

शेवटी जोडलं ते असं: मला स्वयंपाक येत नव्हता आणि तिने मदत केली, ती फार प्रेमळ होती. बिबीया तसंच ठेवलं, कारण ‘राहायचे’ म्हणायचं आहे, किती काळ ते आधीच्या वाक्यात आलंय. शेवटच्या एरावर मात्र अडले. ‘शेजारीण प्रेमळ होती’ म्हणून एरा लिहिलं, पण बाईंनी बाजूला फुए लिहून प्रश्नचिन्ह टाकलंय.

अरुंधती
एरा चूक नाही. ती बाई स्वभावाने प्रेमळ होती असं सांगायचं असेल तर एरा. फुए मुय आमाब्ले कोनमीगो म्हटलंस तर ‘त्या वेळी माझ्याशी प्रेमाने वागली’. यातलं काय झालं ते तुला माहीत, बाईंना नाही, म्हणून त्यांनी प्रश्नचिन्ह टाकलं असावं.

रेवती
खरं सांगायचं तर दोन्ही. पहिल्या दिवशी भाजी चिरायला शिकवलं, आणि नंतर तीन महिने तशीच होती. म्हणजे आता दोन वाक्यं लिहावी लागणार, आणि शब्द ८०च्या आत बसवायचेत.