अंथरुणाला खिळलेल्या काकूंचं चेकबुक शेजाऱ्याने आणावं का?

परळचा शेजारी
आमच्या मजल्यावरच्या काकू ७६ वर्षांच्या आहेत. खुब्याचं हाड मोडल्यापासून अडीच महिने अंथरुणावरच आहेत, मुलगी नागपूरला असते. त्या दवाखान्यात असताना कुरिअरने आलेलं चेकबुक घर बंद म्हणून परत शाखेत गेलं, आणि पासबुकही भरलंय. दोन्ही मी आणावं म्हणून त्या पत्र देणार आहेत. त्यात काय लिहावं? आणि मुळात मी हे आणणं बरोबर आहे का? उद्या कुणी माझ्याकडे बोट दाखवायला नको.

सुहास (निवृत्त, बँकेत ३४ वर्षं)
आणायला हरकत नाही, पण पत्र नीट हवं. साधा कागद चालतो. मजकूर कुणीही लिहिला तरी चालेल, सही मात्र काकूंचीच आणि बँकेत नोंद आहे तशीच. काउंटरवर बसून मी अशी पत्रं शेकड्यांनी पाहिली. "माझी कामं करून द्यावीत" असं मोघम लिहिलेलं पत्र मी परत पाठवायचो. मजकूर साधारण असा ठेवा:

"माझे बचत खाते क्र. … आपल्या शाखेत आहे. आजारपणामुळे मी शाखेत येऊ शकत नाही. माझ्या नावे परत आलेले चेकबुक व नवीन पासबुक माझे शेजारी श्री. … यांच्याकडे द्यावे. त्यांची सही खाली घेतली असून ती मी साक्षांकित करीत आहे. हा अधिकार या दोन वस्तू घेण्यापुरताच आहे. पैसे काढणे, खात्याची अन्य माहिती घेणे किंवा कोणताही अर्ज करणे याचा अधिकार त्यांना नाही. हे पत्र दि. … पर्यंतच ग्राह्य धरावे."

खाली तुमची सही, तिच्याशेजारी काकूंची. तुमचं नाव आधार कार्डावर आहे तसंच लिहा, 'बंड्या' किंवा 'शेजारचे दादा' नको. मुदत आठवड्याची पुरे. सोबत भरलेलं जुनं पासबुक, डॉक्टरांचा दाखला, तुमचं मूळ ओळखपत्र आणि त्याची प्रत न्या. प्रतीवर 'फक्त चेकबुक-पासबुक घेण्यासाठी' असं लिहून तारीख घाला. तुम्ही शाखेत असाल तेव्हा काकूंचा नोंदवलेला मोबाइल त्यांच्या उशाशी असू द्या. अधिकारी बहुतेक फोन लावून विचारतात.

आता तुमच्या बोट दाखवण्याच्या भीतीबद्दल. रजिस्टरवर सही करण्याआधी चेकबुक उघडा. नाव, खाते क्रमांक, पहिल्या आणि शेवटच्या पानाचा नंबर बघा, मधली पानं मोजा. घरी आल्यावर काकूंच्या समोर परत मोजा आणि पत्राच्या तुमच्याकडच्या प्रतीवर त्यांच्याकडून लिहून घ्या: "पान क्र. … ते …, एकूण २५ पाने व पासबुक मिळाले", सही, तारीख. ही प्रत जपून ठेवा. बँकेकडे तुम्ही घेतल्याचा पुरावा असतो, तुम्ही पोचवल्याचा फक्त तुमच्याकडेच राहतो.

मुलुंडची मीना
सुहासकाका, पासबुकाचं मान्य. चेकबुक मात्र मी कुणा शेजाऱ्याच्या हाती देऊ नये असंच म्हणेन. यात या दादांवर संशय नाही. माझे वडील पक्षाघाताने पडून होते तेव्हा त्यांचं चेकबुक असंच तिसऱ्याच माणसाने आणलं. मधलं एक पान गेलं होतं. आम्हाला कळायला तीन महिने लागले, कारण खात्याला जोडलेला नंबर बंद पडलेल्या जुन्या फोनचा होता आणि मेसेज कुणालाच येत नव्हते. पान कोणी काढलं हे शेवटपर्यंत कळलं नाही, आणि आणून देणाऱ्या माणसाशी आमचं नातं मात्र कायमचं तुटलं. चेकबुक परत घराच्या पत्त्यावर पाठवा अशी विनंती काकूंनी करावी. आता त्या घरीच आहेत ना?

वकिलीबाणा
पत्रबित्र काही चालत नाही. कुलमुखत्यारपत्र करा, नोटरी करा. नाहीतर बँक उभं करणार नाही.

सुहास
खातं चालवायचं, चेकवर सही करायची, ठेव मोडायची, तर तुमचं बरोबर. इथे दोन वस्तू आणायच्या आहेत. त्यासाठी कुलमुखत्यारपत्र दिलंत तर पाहिजे त्याच्या दसपट अधिकार शेजाऱ्याच्या हाती जातो. चेकबुकासाठी कुठल्याही ग्राहकाला जातीने हजर राहण्याचा आग्रह बँकांनी धरू नये, असं रिझर्व्ह बँकेनं ९ नोव्हेंबर २०१७ च्या परिपत्रकात सांगितलंय. पण ते तिसऱ्याच्या हाती द्याच, असं त्यात नाही. त्यामुळे एखादा मॅनेजर पत्र नाकारून "घरी पाठवतो" म्हणाला, तर तो चुकला असं मी म्हणणार नाही.

मीनाताई, तुमचा मुद्दा खरा आहे, पण घरी पाठवलेलं चेकबुकही एकदा परत गेलंच. शाखेत पडून राहिलेली चेकबुकं काही दिवसांनी नष्ट करतात, मग पुन्हा नवी मागणी. शिवाय जिना चढायचा कंटाळा करून कुरिअरवाला ते खाली भलत्याच्याच हाती देऊन जातो, तेव्हा कुणाची सही असते?

अंधेरीचे नाना
माझ्या सासऱ्यांचाही हाच प्रश्न. पेन्शनचा हयातीचा दाखला शेजाऱ्याकडून पाठवला तर चालेल का? सोबत महिन्याचे पैसेही त्यालाच आणायला सांगणार आहोत.

सुहास
नाना, हे वेगळं आहे. सासरे ७० च्या वर असतील तर त्याच परिपत्रकाप्रमाणे हयातीचा दाखला घरी येऊन घेण्याची आणि काढलेली रोकड घरी पोचवण्याची सोय मागा. या धाग्यातलं पत्र पैशांसाठी वापरू नका.

परळचा शेजारी
एक अडचण. आज काकूंनी कच्च्या कागदावर सही करून पाहिली. हात थरथरतो, शेवटचं अक्षर खाली घसरतं. जुन्या पासबुकावरच्या सहीशी जुळत नाही. मुलगी फोनवर म्हणाली, "तुम्हीच गिरवून टाका ना."

सुहास
ते अजिबात करू नका. तुमची अडचण झाली तर ती याच एका गोष्टीने होईल. शाखेला कळवा की सही बदलली आहे, अधिकाऱ्याने घरी येऊन नवा नमुना घ्यावा. सही जमणारच नसेल तर अंगठा, दोन साक्षीदारांसमोर, त्यातला एक बँकेचा अधिकारी. पण अंगठ्यावर चालणाऱ्या खात्याला बहुतेक शाखा चेकबुक देत नाहीत, हे आधी काकूंना सांगा.

मुलुंडची मीना
म्हणजे या सहीचे चेक वटतील याचीच खात्री नाही. मग पानं घरात आणून ठेवायची कशाला? चेक लागतो तरी कशासाठी?

परळचा शेजारी
सोसायटीचं मेंटेनन्स आणि आयाचा पगार. काकू मोबाइलवरून पैसे पाठवत नाहीत.

मुलुंडची मीना
मेंटेनन्स मुलगी नागपूरहून भरू शकते. आयाला खात्यातून दरमहा ठरावीक रक्कम जाईल अशी सूचना बँकेला देता येते.

सुहास
देता येते. पण खातं काकूंचं आहे. स्वतः चेक लिहून आयाच्या हातात देणं त्यांना हवं असेल, तर हात थरथरतो म्हणून ते काढून घ्यायचं हे मला पटत नाही.

मुलुंडची मीना
मला पटतं. त्यांच्या पैशांसाठीच पटतं.

परळचा शेजारी
काकूंना दोघांचं वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, आधी नुसतं पासबुक आण, पत्रातून चेकबुक खोडू नकोस, पत्रच नवीन लिही. शाखेत फोन केला. नव्या सहीसाठी अधिकारी गुरुवारी दुपारी येतो म्हणालाय. चेकबुक तोपर्यंत नष्ट करू नका असं सांगितलं, तर तेही लेखी मागितलंय. त्यावरही सही काकूंचीच लागणार, आणि जुळत नाही ती तीच. ते पत्र आत्ता पाठवू की गुरुवारी त्याच्याच हातात देऊ?

सुहास
गुरुवारी, नवा नमुना दिल्यावर, त्याच पेनाने. तोवर काकूंच्या मोबाइलवरून शाखेच्या ईमेलवर दोन ओळी जाऊ द्या.