मदत हवी आहे: वर्षअखेरची विक्री आणि मॅन्युअल एंट्र्या

एका मॅन्युफॅक्चरिंग कंपनीचं ऑडिट चालूय, वर्षाच्या शेवटच्या चार दिवसांत विक्री एकदम वर गेलीये आणि त्यातली बरीचशी मॅन्युअल जर्नल एंट्रीने, डेटर डेबिट सेल्स क्रेडिट, आकडे गोल, नॅरेशन कोरं, आणि टाकल्यात थेट फायनान्स हेडच्या लॉगिनवरून. पुढच्या महिन्यात त्याच पार्ट्यांना क्रेडिट नोटा गेल्यात. डिस्पॅचचे कागद मागितले तर म्हणतात माल ग्राहकाच्या सांगण्यावरून आमच्याच गोडाऊनला ठेवलाय, पण तसं लेखी पत्र काही दाखवत नाहीत.

सीनियर म्हणतात फ्रॉड शोधणं आपलं काम नाही, बॅलन्स कन्फर्मेशन आलीत, बास. मला हे अर्धवट वाटतं. रोखण्याची मुख्य जबाबदारी मॅनेजमेंटची हे मान्य, पण फ्रॉडमुळे आलेली मोठी चूकही हिशोबात नाही याची रास्त खात्री आपल्यालाच मिळवायची ना? आयएसए 240 नुसार रेव्हेन्यूतली फ्रॉड रिस्क कारण देऊन बाजूला ठेवता येते, मॅनेजमेंटनेच कंट्रोल्स डावलण्याची, म्हणजे ओव्हरराइडची नाही, त्यामुळे जर्नल टेस्टिंग सुटत नाही.

आता ग्राहकांकडून नुसता बॅलन्स नाही तर डिलिव्हरी, परतीच्या अटी आणि साइड ॲग्रीमेंटचंही कन्फर्मेशन मागावं का? आणि फायनान्स हेडच संशयात असेल तर आधी कोणाशी बोलायचं, पार्टनर की थेट ऑडिट कमिटी?