लग्नाच्या दिवशी कुठली पिशवी कोणाकडे होती? अनुभव लिहा

कपाट आवरताना धाकटीच्या लग्नाची यादी सापडली, हळदीचे डाग पडलेली. सगळ्यावर टिक. तरी मंगलाष्टकांच्या वेळी अंतरपाट नाही! म्हणजे होता, पूजेच्या पिशवीत, पिशवी मामाकडे. मामाने ती खोलीत ठेवली, दार ओढलं की लागणारं, किल्ली शर्टाच्या खिशात, आणि मामा सोवळं नेसून नवरीला घेऊन मंडपात, शर्ट आत खोलीत. शेवटी काकांचा शेला धरला. तुमचेही किस्से टाका.

झुळूक: 😂😂 मामाला अजून चिडवता का?

आळशी_मांजर: यादी नीट केली की असं होत नाही. मी तर मोबाईलवर शेअर केलेली सगळ्यांना.

धागाकर्ती: अगं यादी पूर्णच होती की, वस्तूही सगळ्या होत्या.

वरमाय_तीनदा: घरातली तीन लग्नं काढलीत म्हणून सांगते. ज्याला विधीत उभं राहायचंय त्याच्याकडे पिशवी द्यायचीच नाही. मामा, आईवडील, कान पिळणारा भाऊ, सगळे बाद. आतेभावाची बायको नाहीतर शेजारीण, जी मंडपाच्या कडेला बसून राहील. आणि पिशव्या विधीप्रमाणे भरायच्या. आम्ही पहिल्या लग्नात सगळी भांडी एकत्र, सगळं वाणसामान एकत्र असं भरलं, तर लाजाहोमाला लाह्या एका पिशवीत, तूप दुसऱ्या, सूप तिसऱ्या, गुरुजी थांबलेत. पुढच्या वेळी होमाची एकच पिशवी, समिधा, तूप, लाह्या, सूप, काडेपेटी सगळं त्यात, वर चिठ्ठी. काडेपेटी हमखास राहते.

पावशेर: लाह्या आमच्याकडे आल्याच नाहीत, मुलाकडचे म्हणे तुम्ही आणणार, आम्ही म्हणे तुम्ही. गुरुजींची यादी दोघांकडे होती पण समोर नाव कुणाचंच नाही.

नवा_मेंबर: ट्रॉली बॅग कुठली चांगली? चाकं लगेच तुटतात.

झुळूक: हा धागा तो नाही हो 😄

कोपऱ्यातला: फुलवाल्याचं कुणी लिहिलं नाही. हार आले, ज्याने घेतले त्याने मोजलेच नाहीत, उरलेले पैसे देऊन मोकळा. उघडलं तर मुंडावळ्या एकच. नवऱ्याची होती, नवरीची गायब. फुलवाला फोन उचलेना. घेणारा माणूस एकच ठरवा, खोकं उघडून मोजल्यावरच पैसे.

आळशी_मांजर: मंगळसूत्र मात्र आईच्याच पर्समध्ये हवं बाई.

वरमाय_तीनदा: आई विधीत असते, पर्स खुर्चीवर राहते. आमच्याकडे जावेच्या कमरेच्या बटव्यात होतं, ती दिवसभर तिथून हलली नाही.

आळशी_मांजर: आणि जाऊबाईंनी फोटोत यायचंच नाही का?

धागाकर्ती: मामा हे वाचतोय बरं का. म्हणतोय शेला छान होता.